उद्यापासून रोज अकरा वाजता

बाईंनी पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मित्रमैत्रिणींनो, पूर्वपरीक्षेचे पेपर काल हातात आले. आज २० जानेवारी, आणि २० फेब्रुवारीला दहावीच्या बोर्डाचा मराठीचा पेपर. मधे ३१ दिवस. आज घरी गेल्यावर निम्मा वर्ग रंगीत स्केचपेननं चौदा तासांचं वेळापत्रक करणार. चौथ्या दिवशी कुणाच्या घरी हळद असेल, कुठे दुपारभर लाइट जाईल, आणि ते वेळापत्रक कपाटाच्या दारावर नुसतं लटकत राहील. त्यापेक्षा सहा-सात तासच धरा, पण वेळा रोज त्याच ठेवा.

त्यातली एक वेळ अजिबात हलवू नका, ती म्हणजे सकाळी अकराची. आपले पेपर अकरालाच सुरू होतात. महिनाभर रात्री दोनपर्यंत जागून दहाला उठणाऱ्याचं डोकं २० तारखेला अकरा वाजता अर्धवट झोपेतच असणार. म्हणून अकरा ते एक टेबलावर बसून, घड्याळ समोर ठेवून, लिहून पेपर सोडवायचा. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे सगळे ४० गुणांचे, दोन तासांचे पेपर आहेत, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. मराठीला ८० गुण आणि तीन तास, तिथे गुणामागे सव्वादोनच मिनिटं मिळतात. उपयोजित लेखन २४ गुणांचं आणि ते शेवटी येतं. शेवटचा तास त्याच्यासाठी राखला नाही तर निबंध चार ओळींत गुंडाळावा लागतो. पूर्वपरीक्षेत किती जणांचं तसं झालं, ते आपापल्या पेपरात बघा. बोर्ड शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, ती सरावात धरू नका.

जेवण झालं की तासभर तोच पेपर तपासायचा. कंटाळा येतो, पण खरा फायदा इथेच आहे. शंभरपानी वही घ्या, डावीकडे चूक लिहा, उजवीकडे ती का झाली ते. ‘सिली मिस्टेक’ एवढंच लिहून पान उलटू नका. भिंगाचं गणित घ्या: बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू 20 सेमीवर. u = –20 लिहायचं राहिलं की सूत्र अचूक पाठ असूनही v 20 ऐवजी 6.67 येतो. म्हणजे सूत्र पुन्हा घोकून उपयोग नाही. गणित वाचताक्षणी दिलेल्या किमती चिन्हांसकट लिहायची सवय हवी. वर्गसमीकरणातही तेच. b = –5 असेल तर –b म्हणजे +5, आणि घाईत नेमकं तेच उलटं होतं. भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार टप्पे लिहा आणि प्रत्येक विधानापुढे कारण द्या. उत्तर बरोबर असूनही गुण जातात ते कारण न दिल्यामुळे.

संध्याकाळी सात ते नऊ उजळणी. आज वाचलेला धडा परवा, मग आठवड्यानं, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मुद्दे आठवत लिहायचा. पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं पान ओळखीचं वाटतं, पण ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. भूगोलात भारत आणि ब्राझील समोरासमोर तक्त्यात मांडा, वेगळे पाठ केलेत तर पेपरात सरमिसळ होते. गणित मात्र नुसतं वाचू नका, कधीच.

पाच ते सहा खेळा. सव्वादहाला दिवा बंद. एखादा दिवस बुडाला तर तो रात्री जागून भरून काढू नका, नाहीतर पुढचाही बुडतो. रविवारची दुपार मोकळी ठेवली आहे ती याच उधारीसाठी. १० फेब्रुवारीनंतर नवीन धडा उघडायचा नाही. जो राहिला तो राहिला. तेव्हा फक्त पेपर आणि चुकांची वही.

आता ग्रुपबद्दल. रात्री अकराला ‘आयएमपी’ प्रश्नांच्या याद्या टाकणं आजपासून बंद. त्या कुठून येतात ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि वाचणाऱ्याची झोप जाते. शंका सहा ते सात या वेळात टाका, पुस्तकाच्या पानाचा फोटो आणि स्वतः कुठपर्यंत सोडवलं त्याचा फोटो, दोन्हीसकट.

ज्यांच्या घरी बसायला जागा नाही किंवा लहान भावंडं आहेत, त्यांच्यासाठी बाईंनी वाचनालय साडेदहा ते दीड उघडं ठेवायचं कबूल केलंय. उद्या बीजगणिताचा पेपर सोडवू. कोरे कागद, पट्टी आणि पाण्याची बाटली घेऊन पावणेअकराला या.