आईच्या शुश्रूषेसाठी ठेवलेल्या मावशींविषयी अभिप्राय

जून २०२४ मध्ये माझी ८१ वर्षांची आई न्हाणीघरात घसरून पडली, तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिला दिवसभर सोबत लागणार हे स्पष्ट झाले. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो, मी आणि पत्नी दोघेही नोकरी करतो आणि धाकटा भाऊ नाशिकला असतो. ब्युरोमार्फत आलेल्या पहिल्या दोन बायका आठवडाभरही टिकल्या नाहीत. तिसऱ्या मावशी सकाळी आठ ते रात्री आठ या पाळीत सलग अकरा महिने आल्या. त्यांचे नाव त्यांना विचारल्याशिवाय उघड करणे मला योग्य वाटत नाही, म्हणून येथे केवळ मावशी असाच उल्लेख करतो.

वक्तशीरपणाबद्दल सांगायचे तर त्या कधीच उशिरा आल्या नाहीत, असे नाही. मात्र येणार नसतील तर ते आम्हाला वेळेत कळत असे. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसाने सिंहगड रस्त्याच्या भागात पाणी शिरले, त्या पहाटे पावणेसहाला त्यांचा फोन आला की, घराबाहेर पडणे शक्य नाही, तुम्ही आजची रजा टाका. स्वतःच्या दारात पाणी आलेले असताना आमच्या रजेचा विचार त्यांनी केला, याची मला नंतर अनेकदा आठवण झाली. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्यांनी महिनाभर आधी सांगून ठेवल्या होत्या.

आई स्वभावाने मानी असल्यामुळे परक्या बाईने आपल्याला स्नान घालावे, हे तिला फार जड गेले. मावशींनी पहिले काही दिवस पाठ चोळण्यापुरतीच मदत केली, बाकी पाणी आईच्या हाताशी ठेवून त्या पाठमोऱ्या उभ्या राहत. सुरुवातीला आई त्यांना "अहो बाई" म्हणत असे, दसऱ्याच्या सुमारास ते "अगं" झाले आणि मावशीही "आजी, आधी दोन फेऱ्या, मग चहा" असे दटावू लागल्या. वॉकर घेऊन चालताना त्या आईला ओढत नसत, अर्धे पाऊल मागे आणि दुबळ्या बाजूला राहत. ऑपरेशननंतर खाली वाकू नये, मांडी घालू नये ही डॉक्टरांची पथ्ये मात्र त्यांनी आईच्या कितीही विनवण्या झाल्या तरी मोडू दिली नाहीत.

घरच्यांशी असलेला त्यांचा संवाद मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यासाठी आम्ही एक दोनशेपानी वही ठेवली होती. "दुपारी अर्धी भाकरी, एक वाटी वरण. पाणी कमी प्यायल्या. शी नाही, दुसरा दिवस" अशा त्यांच्या नोंदी असत, आणि "दुसरा दिवस" या शब्दांखाली रेघ मारलेली असे. एकदा माझ्या घरी येण्याची वाट न पाहता त्यांनी फोन करून सांगितले की, माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे आणि बोट दाबून उचलले तरी तो पांढरा पडत नाही. ती बेडसोरची सुरुवात होती, त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलण्याची वेळही वहीत येऊ लागली आणि कातडी फुटण्याआधीच डाग गेला. नोव्हेंबरमध्ये पलंगावरून उठताना त्यांचा हात सुटून आई पुन्हा बसती झाली. तिला काही लागले नव्हते, कोणी पाहिलेही नव्हते, तरीही "हात माझा सुटला" असे त्यांनी स्वतःहून सांगितले. तेव्हापासून मी ऑफिसात निश्चिंत बसू लागलो.

उणिवाही नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. त्या फोनवर मोठ्याने बोलतात, त्यामुळे आईची दुपारची झोप मोडत असे. एकदा सांगितल्यावर त्या गॅलरीत जाऊ लागल्या, तरी आवाज यायचाच. इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे औषधांच्या पाकिटांवरची नावे त्यांना लागत नसत. आम्ही सकाळ, दुपार, रात्र असे मराठीत लिहिलेल्या डबीत गोळ्या भरून ठेवू लागल्यावर ती अडचण संपली. आलेले पाहुणे तासन्‌तास बसले तरी त्यांना उठा म्हणण्याचा संकोच त्यांना शेवटपर्यंत राहिला, अर्थात तो आम्हालाही आहे.

मावशी प्रशिक्षित परिचारिका नाहीत. नळीने अन्न देणे, कॅथेटर किंवा इंजेक्शन अशी गरज असेल तर नर्सच ठेवावी. अगदी अंगाने जड रुग्णाला एकटीने उचलणेही त्यांना झेपणार नाही आणि तसे त्या आधीच स्पष्ट सांगतात. स्वयंपाक, धुणी-भांडी हे त्यांचे काम नव्हे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतल्यामुळे आमच्यात त्यावरून कधी कुरबूर झाली नाही.

मे २०२५ मध्ये आई काठीच्या आधाराने चालू लागली आणि भावाकडे नाशिकला गेली, म्हणून आता मावशी मोकळ्या आहेत. चालण्यासाठी आधार लागणाऱ्या, स्मरण शाबूत असलेल्या आणि सोबतीची गरज असलेल्या वृद्ध स्त्रीसाठी मी त्यांची निःसंकोच शिफारस करतो. कोणाला त्यांच्याशी बोलायचे असेल तर आधी त्यांची परवानगी घेऊन मी फोन जोडून देईन.