वाटणी न झालेलं वावर

इंदूरहून खंडवा रस्त्याला, सिमरोलच्या अलीकडे आमचं साडेतीन एकर वावर आहे. आमचं म्हणजे पाच चुलत भावंडांचं, आणि भांडणाचं मूळ तिथेच आहे. 2014 च्या खरिपात तिथून शेवटचं सोयाबीन निघालं. पुढे खटला उभा राहिला आणि त्या जमिनीत नांगर काही गेला नाही. मी जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर. भाऊबंदकीचा एवढा एकच फायदा माझ्या पदरात पडला: पडीक जमिनीचं जंगल कसं होत जातं ते वर्षानुवर्षं बांधावर बसून बघता आलं.

आमच्या वावराच्या उत्तरेच्या बांधाला लागूनच एक जुनी गिट्टीखाण आहे. काम बंद पडलं ते आमचा नांगर थांबायच्याही आधी. म्हणजे पाऊस तोच, ऊन तेच, चिमण्या-बुलबुलही तेच. तरी आज वावरात माणूस दिसेनासा होईल इतकी झाडी आहे आणि खाणीच्या तळात चालताना चपलेखाली उघडा कातळ वाजतो. एखाद्या जागी एका मागून एक वनस्पती येत जातात आणि आधीच्यांची जागा घेतात, त्याला अनुक्रमण म्हणतात. पुस्तकात प्राथमिक आणि दुय्यम अनुक्रमण असे दोन रकाने आखून मुलांकडून फरक घोकून घेतात. इथे दोन्ही रकाने एका बांधाच्या दोन बाजूंना आहेत.

खाणीत शून्यापासून सुरुवात आहे. दख्खनच्या लाव्हाचा हा काळा पत्थर, त्यावर माती नाही, बी नाही, मूळ नाही. भिंतीवर राखाडी आणि पिवळसर ठिपके दिसतात ते दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते पापुद्र्यासारखं, थंड डोंगराळ भागातून येणारं. हे त्याचे दगडाला चिकटलेले गरीब नातलग. बुरशी आणि शैवाल यांचा हा जोडसंसार. बुरशी आसरा आणि ओल धरते, शैवाल उन्हावर अन्न शिजवतं. वाढ वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात. त्यातून पाझरणारी आम्लं दगड किंचित कुरतडतात, वाऱ्याची धूळ त्यात अडकते, पावसाळ्यात मखमली हरिता, म्हणजे मॉस, येते, मरते, आणि चिमूटभर माती मागे ठेवते. असल्या चिमटींनी झाडापुरती माती साचायला शेकडो वर्षं लागू शकतात.

मात्र निसर्ग पायऱ्या मोजत बसत नाही. खाणीच्या वरच्या कपारीत एक पिंपळ आलाय, पाखराच्या विष्ठेतून. ना दगडफुलाची वाट बघितली, ना हरितेची. 1963 साली आइसलँडजवळ समुद्रातून सुर्टसे नावाचं बेट वर आलं, तिथेही असंच काही दिसलं. किनाऱ्यावर उगवणारी फुलझाडं दोन वर्षांतच पोचली होती, पण हिरवळ खरी जोर धरू लागली ती 1980 च्या दशकात, समुद्रपक्ष्यांनी वस्ती केल्यावर. नव्या कातळाला सर्वांत मोठी टंचाई नायट्रोजनची, आणि ती पक्ष्यांच्या विष्ठेने भागवली.

आता बांध ओलांडू. वावरात आम्ही गेलो, माती राहिली. काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यात आधीच्या वर्षांच्या बिया, लव्हाळ्याच्या गाठी, गांडुळं, बुरशा, सगळा ऐवज होता. दुय्यम अनुक्रमणाचा वेग या ऐवजावर असतो. पहिल्याच पावसाळ्यात सांडलेलं सोयाबीन चुकार उगवलं, आणि त्याच्या डोक्यावरून टाकळा आणि गाजरगवत. टाकळ्याची कोवळी पानं आमच्याकडे भाजीला तरी येतात. गाजरगवताचं कौतुक कुणी करत नाही. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे परदेशी तण हजारो हलक्या बिया उडवतं आणि मुळापानांतून अशी रसायनं सोडतं की शेजाऱ्यांची उगवण मंदावते. दाट टाकळ्यापुढे मात्र त्याची डाळ शिजत नाही, हे मी त्याच तुकड्यात पाहिलं.

पहिल्या फळीतल्या या वनस्पतींचा धंदा एकच: ऊन मोकळं आहे तोवर भराभर वाढा, बी उडवा, मरा. तिसऱ्या पावसाळ्यापासून त्यांची जागा बहुवर्षायू गवतांनी घेतली. आधी हरळी, मग मारवेल आणि कुसळी. दसऱ्यानंतर तिथून चालून आलो की पायजम्यात अडकलेली कुसळं काढायला बायकोच्या शिव्यांसह अर्धा तास. गवताचं जाळं माती धरून ठेवतं. गाजरगवताच्या बारीक बीला रुजायला उघडी जमीन मिळेना, तसं ते बांधाच्या कडेला सरकलं.

पळसाने मला चकवलं. पाचव्या वर्षी वावराच्या मधोमध पळसाचे फुटवे दिसले, एका ओळीत. आजोबांनी वावर साफ केलं तेव्हाची मुळं नांगराच्या फाळाखाली जिवंत राहिली होती, अर्धशतकाहून जास्त काळ, दरवर्षी फुटवा कापला जात असताना. खाणीत अशी आठवण असायला जागाच नाही.

सगळ्यांत मोठं काम केलं बाभळीने. तिच्या शेंगा आल्या शेजाऱ्याच्या शेळ्यांच्या पोटातून; लेंडीत पडलेलं बी चांगलं रुजतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, विरळ सावलीत माती कमी तापते, आणि फांद्यांवर बुलबुल, मैना येऊन बसतात. बसतात म्हणजे आधी खाल्लेलं टाकतात. बाभळीखालचा पट्टा पाहिला तर ओळीने निंबाची रोपं, मधूनच बोर.

फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1916 साली मांडलं होतं की वनसमुदाय एखाद्या सजीवासारखा वाढतो आणि ठरलेल्या चरम, म्हणजे शेवटच्या स्थिर अवस्थेला पोचतो. 1926 साली ग्लीसन या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला छेद दिला: प्रत्येक जाती आपापल्या सोयीने येते, जुळणी बरीचशी योगायोगाची. आमचं वावर बघून मी ग्लीसनच्या बाजूला झुकलोय. बाभूळ आली ती शेळ्या होत्या म्हणून. खटला दक्षिणेकडच्या वावरावर असता तर चित्र निराळं असतं. नंतर कॉनेल आणि स्लेटियर यांनी 1977 साली तीन वाटा सांगितल्या: आधी आलेला पुढच्याला वाट करून देतो, किंवा पुढचा त्याच्याशिवायही येतो आणि टिकून राहतो, किंवा आधी आलेला दार अडवून बसतो. पहिली वाट बाभळीची, दुसरी पळसाची. तिसरी पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या घाणेरीची. तिचं जाळं इतकं दाट झालंय की खाली काहीच उगवत नाही, आणि तिथलं अनुक्रमण चार वर्षं थबकलंय.

मुलं विचारतात, शेवटी सागाचं जंगल होणार का? चोरलच्या उतारांवर साग आहे हे खरं, पण त्याला पाण्याचा निचरा लागतो. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात फाटताना कोवळी मुळं तोडते. माझा अंदाज निंब, बोर आणि पळसाच्या विरळ रानाचा आहे, तोही आग आणि कुऱ्हाड लांब राहिली तर.

मागच्या श्रावणात एका मोठ्या बाभळीखाली गुडघे टेकून मोजणी केली. निंबाची अकरा रोपं, बोराची तीन, घाणेरीचं एक. बाभळीचं एकही नाही. तिच्या पिल्लांना लख्ख ऊन हवं, आणि तिने स्वतःच ते अडवलंय. घाणेरीचं रोप मी उपटलं, अभ्यासकाने करू नये ते केलं. तेवढ्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, पुढच्या तारखेला वकील विचारणार आहेत, वावरात सध्या काय उभं आहे ते. काय सांगू?"

मी त्याला मोजणीचा आकडा सांगितला.