ब्रँड, ट्रेडमार्क, लोगो आणि कंपनीचं नाव: नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांच्या शंका

पुण्यात घरगुती पीठं, मसाले, लोणची, दिवाळी फराळ करून विकणाऱ्यांशी ट्रेडमार्कबद्दल बोलताना तेच तेच प्रश्न येतात. ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण घेतलं आहे: कोथरूडच्या एका काकूंची भाजणी. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘ओसरी’, वर झोपाळ्याचं छोटं चित्र, खाली ‘थालीपीठ भाजणी, ५०० ग्रॅम’, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘उत्पादक: मुठातीर फूड्स प्रायव्हेट लिमिटेड, कोथरूड, पुणे’.

या पाकिटावर ब्रँड कुठला, लोगो कुठला, कंपनी कुठली?

मागे बारीक छापलंय ते कंपनीचं नाव. बँकेचं खातं, जीएसटी, बिल, करार सगळं त्या नावाने. झोपाळ्याचं चित्र म्हणजे लोगो. ‘ओसरी’ हा शब्द ठरावीक वळणात लिहिला असेल तर ते वळणही लोगोचाच भाग. ‘ओसरी’ हे नाव किंवा ते चित्र या मालाची खूण म्हणून वापरात असतं तेव्हा ते ट्रेडमार्क. आणि ब्रँड पाकिटावर सापडणार नाही. तो गिऱ्हाईकाच्या डोक्यात असतो: भाजणी खमंग आहे, खडे लागत नाहीत, गेल्या वेळेसारखीच चव आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद असूनही लोक पावणेचारपासून पायरीवर उभे राहतात, तोही ब्रँडच. त्याची नोंद कुठल्याच सरकारी कार्यालयात होत नाही.

मोठ्या कंपनीचं उदाहरण द्या ना.

आकुर्डीचीच घ्या. कंपनीचं नाव बजाज ऑटो लिमिटेड. पण रस्त्यावर कुणी ‘माझ्याकडे बजाज ऑटो लिमिटेड आहे’ म्हणत नाही, ‘पल्सर आहे’ म्हणतो. एका कंपनीचे असे कितीही ब्रँड असू शकतात. चेतकचं तर विशेषच आहे: स्कूटरचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं गेली, तरी नाव लोकांच्या तोंडात होतं, आणि २०२० मध्ये त्याच नावाने इलेक्ट्रिक स्कूटर आली.

कंपनी रजिस्टर केली म्हणजे नाव माझं झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंपनीच्या नावाला मंजुरी कंपनी कायदा, २०१३ खाली मिळते आणि ते काम कंपनी निबंधकांच्या व्यवस्थेत होतं. तिथे मुख्यतः बघितलं जातं ते हे, की याच नावाची किंवा अगदी जवळच्या नावाची दुसरी कंपनी आहे का. ट्रेडमार्क वेगळ्या कायद्याखाली येतो, ट्रेडमार्क कायदा, १९९९, आणि त्याचं रजिस्टरही वेगळं. त्यामुळे ‘ओसरी फूड्स प्रायव्हेट लिमिटेड’ असं प्रमाणपत्र हातात पडलं, तरी नाशिकचा एखादा मसालेवाला पाकिटावर ‘ओसरी’ छापायला लागला तर ते प्रमाणपत्र दाखवून त्याला थांबवणं कठीण.

उलट बाजूने मात्र फटका बसू शकतो. ‘ओसरी’ हा ट्रेडमार्क आधीपासून दुसऱ्याच्या नावावर नोंदलेला असेल, तर तो कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली अर्ज करून तुमच्या कंपनीला नाव बदलायला लावू शकतो. त्यासाठी त्याला तुमच्या कंपनीच्या नोंदणीपासून तीन वर्षांची मुदत असते. तोवर लेटरहेड, बोर्ड, पाकिटं सगळं छापून झालेलं असतं.

म्हणून कंपनीचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कचं रजिस्टर बघा. ipindia.gov.in वर शोध फुकट आहे. शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. Osari, Osri, Osary, तिन्ही टाकून बघा, कारण नावं सारखी आहेत की नाही हे ठरवताना उच्चारही विचारात घेतात.

माझी कंपनी नाही, फक्त शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम आहे. मला ट्रेडमार्क मिळेल का?

मिळेल. एकटी व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, कुणीही अर्ज करू शकतं. ट्रेडमार्क हवा म्हणून कुणी घाईघाईने प्रायव्हेट लिमिटेड काढायला सांगत असेल तर ऐकू नका. दरवर्षीचं ऑडिट आणि फॉर्म भरणं मागे लागतं, आणि भाजणीचा खप त्याने वाढत नाही. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम किंवा एफएसएसएआयच्या परवान्यावर धंद्याचं नाव असतं खरं, पण त्यातल्या एकानेही त्या नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क येत नाही.

ट्रेडमार्क शब्दाचा घ्यायचा की लोगोचा?

दोन्ही घेता येतात, अर्ज वेगवेगळे. पैसे एकाचेच असतील तर माझं मत सरळ आहे: आधी शब्द. शब्द नोंदवला की तो कुठल्याही वळणात, कुठल्याही रंगात लिहिला तरी संरक्षण राहतं. फक्त चित्र नोंदवलं आणि तीन वर्षांनी झोपाळा काढून तिथे तुळशीवृंदावन आणलं, तर नोंदणी जुन्या चित्राचीच राहते. लोगो दर काही वर्षांनी बदलावासा वाटतोच, नाव सहसा कुणी बदलत नाही.

लोगो नोंदवायचाच असेल तर कुठलाही रंग न सांगता काळ्यापांढऱ्यात नोंदवणं सोयीचं. रंगाचं बंधन घातलं नाही तर ती नोंदणी सगळ्या रंगांसाठी धरली जाते.

लोगोचे पैसे मी दिले. मग तो माझाच ना?

आपोआप होत नाही. लोगोचं चित्र ही कलाकृती आहे आणि तिच्यावर कॉपीराइट असतो. बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलं, तर पैसे दिले एवढ्यावरून कॉपीराइट तुमच्याकडे आला असं धरून चालू नका. तो तुमच्या नावावर करण्यासाठी लेखी आणि सही केलेला कागद लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल फाइल पाठवली ताई, जीपे करा’ एवढंच असतं बहुतेकांकडे.

त्या कागदात दोन गोष्टी नक्की लिहून घ्या: हक्क किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी. काळ लिहिला नाही तर कायदा तो पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईला फराळ पाठवायची स्वप्नं असतील तर ही ओळ महत्त्वाची. आणि डिझायनर ओळखीचा असो, भाचा असो, कागद करा. भाच्याशी तर नक्की करा.

तयार टेम्प्लेटमधून उचललेला झोपाळा असेल तर तोच झोपाळा आणखी कुणाच्याही पाकिटावर दिसू शकतो.

कुठली नावं मिळत नाहीत?

मालाचं नुसतं वर्णन करणारी. ‘खमंग भाजणी’, ‘शुद्ध तूप’, ‘पुणेरी मसाला’ ही नावं गिऱ्हाईकाला लगेच कळतात, म्हणूनच दुकानदाराला आवडतात आणि म्हणूनच एकट्याला देता येत नाहीत. उद्या दुसऱ्याने आपल्या भाजणीला खमंग म्हणायचंच नाही का?

आडनावांचीही पंचाईत आहे. ‘जोशी’ किंवा ‘कुलकर्णी’ नोंदवणं अवघड, आणि नोंदवलं तरी दुसरा जोशी प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करत असेल तर त्याला अडवता येत नाही. सदाशिव पेठेत हा प्रश्न किती वेळा येईल याचा अंदाज तुम्हीच करा. मालाशी संबंध नसलेला शब्द सगळ्यात भक्कम. ‘ओसरी’चा भाजणीशी तसा काही संबंध नाही, हीच त्याची जमेची बाजू.

मी नोंदणी केली नाही पण दहा वर्षं नाव वापरतोय. माझा हक्क शून्य?

शून्य नाही. दुसरा कुणी तुमच्या नावाआडून तुमचाच माल असल्याचं भासवत असेल, तर नोंदणी नसतानाही दावा करता येतो. आणि तुमचा वापर त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीचा असेल, तर त्यालाही कायद्यात किंमत आहे. फक्त ते सिद्ध करायला जुनी बिलं, जुन्या जाहिराती, जुनी पाकिटं लागतात. रद्दीत घालू नका.

पुण्यातलंच गाजलेलं प्रकरण बघा. कॅम्पातल्या ‘बर्गर किंग’ या हॉटेलविरुद्ध त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा केला. कंपनी जगभर पसरलेली आणि इथे ट्रेडमार्कची नोंदणीही तिच्या हातात. पण पुण्याचं हॉटेल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या नावाने चाललेलं, तर कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ मध्ये उघडलं. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. कंपनी अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेली. दावा दाखल झाल्यापासून पहिला निकाल यायला तेरा वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या. साडेचार हजार रुपयांचा अर्ज त्यामानाने स्वस्तच.

साडेचार हजार? नीट सांगा.

ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. ही फी एका वर्गाची. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत: १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. भाजणी, मसाले ३० मध्ये, भाज्यांची लोणची २९ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. भाजणीसाठी ३० घेतला आणि उद्या ‘ओसरी’ नावाची खानावळ काढली, तर ४३ चा अर्ज वेगळा. पण सगळे वर्ग आत्ताच घेऊन ठेवू नका. नोंदवून पाच वर्षांहून जास्त न वापरलेला ट्रेडमार्क काढून टाकण्याची मागणी कुणीही संबंधित करू शकतो.

पुणेकरांचा अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे जातो, ऑनलाइन भरल्यामुळे खेटे घालावे लागत नाहीत. तपासणीत आक्षेप आला तर वेळेत उत्तर द्या. बरेच अर्ज उत्तरच न दिल्याने निकालात निघतात. पुढे ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून येतं आणि चार महिने कुणालाही विरोध करता येतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

नावापुढे छोटं टीएम लावू की गोलातलं आर?

टीएम आजपासून लावा, परवानगी लागत नाही. ® फक्त नोंदणी मिळाल्यावर. अर्ज केलाय म्हणून ® लावणं चुकीचं आहे आणि त्याला कायद्याने दंड आहे.

इन्स्टाग्रामचं हँडल आणि डॉट कॉम घेतलंय. पुरेल?

पुरणार नाही. पण घेतलंत ते बरं केलंत.

ट्रेडमार्क काकूंच्या नावावर आणि कंपनी काकू-काकांची. चालेल का?

चालेल, पण मग काकूंनी कंपनीला नाव वापरायची लेखी परवानगी द्यायला हवी. म्हणजे वापराचा करार, किंवा ट्रेडमार्कच कंपनीच्या नावावर करून द्यायचा. घरात सगळं छान चाललेलं असताना हा कागद कुणाला सुचत नाही. पुढे कंपनीत तिसरा भागीदार पैसे घालायला येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘ओसरी’ नाव नक्की कुणाचं? तेव्हा काका काकूंकडे बघतात.