या महिन्याचा गुण (छोटा गट)

जून : वाटून घेऊ

गाडी माझी, चेंडू तुझा,
दोघं खेळू, येईल मजा!

खडू एक, मुलं दोन,
आधी रंगवणार कोण?
आधी तू, नंतर मी,
भांडण झालं कमी... कमी... कमी...

(शेवटी आवाजही कमी कमी करत कुजबुजीवर आणायचा. मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं, त्यामुळे दहादा म्हणायची तयारी ठेवा.)

जुलै : खरं बोलू

पाणी सांडलं! कोणी? मी!
बाई, फडकं द्या ना तुम्ही.
मी पुसतो, मी पुसते,
खऱ्याला काही भीती नसते.

(म्हणून या महिन्यात पाणी सांडल्यावर बाईंनी अजिबात रागवायचं नाही. नाहीतर ओळच खोटी पडेल!)

ऑगस्ट : सॉरी म्हणू

धक्का लागला? सॉरी, सॉरी!
चल, परत धरू दोरी.

सप्टेंबर : रांगेत थांबू

झुकझुक गाडी, डबा मागे,
माझा नंबर लवकर लागे.

(‘लवकर’ला टाळी.)

ऑक्टोबर : मदत करू

खेळणी उचलू, टोपली भरू,
बाईंना थोडी मदत करू.
एक राहिलं! कुठे? तिथे!
पळत जाऊन आणू इथे.