एसी आणि घरातल्या इतर बदलांबद्दल

पुणे/नाशिक, 26 मार्च 2025

प्रिय अमोल आणि स्नेहल,

तुमचा रविवारचा मेल मिळाला. पाडव्याच्या सवलतीत एसी घ्यायचा म्हणताय, म्हणून उत्तर त्याआधी हातात पडावं असा प्रयत्न आहे. एसीला माझी परवानगी आहे. बाकीच्या मागण्यांपैकी एक सोडून सगळ्या मान्य आहेत.

आपला फ्लॅट शेवटच्या मजल्यावरचा, त्यात मागची बेडरूम पश्चिमेची. एप्रिलमध्ये दुपारभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम राहतो, हे मी त्या खोलीत एकोणीस उन्हाळे काढून जाणते. आठ महिन्यांच्या बाळाला त्या खोलीत झोपवायचं, तर एसी ही चैन नाही. खोली 10 बाय 12 ची असली तरी वरून ऊन आहे, म्हणून एक टनाच्या मोहात पडू नका, दीड टनाचा इन्व्हर्टर घ्या.

अमोल, एसीला परवानगी लागतेच का, असं तुम्ही विचारलं आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात एसी बसवणं कायमच्या बांधकामात धरलेलं नाही, हे खरं. पण आपला लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे आणि घरातल्या कुठल्याही बदलाला लेखी परवानगी हवी, असं त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा हे पत्रच ती परवानगी समजा आणि कराराच्या प्रतीला जोडून ठेवा.

आता माझी एकच अट, आणि ती मी अजिबात सैल करणार नाही. आधी वायरिंग, मग एसी. एसी पाडव्याला बुक करा, पण बसवणाऱ्या माणसाला 3 एप्रिलनंतरच बोलवा. त्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाला आपले नेहमीचे इलेक्ट्रिशियन येतील. बेडरूममध्ये आज जो पॉइंट आहे तो 1994 सालचा, टेबल फॅन आणि इस्त्रीच्या हिशेबाने दिलेला. मागच्या एका भाडेकरूंनी तिथे मल्टिप्लग लावून हीटर आणि इस्त्री एकदम चालवली. मी घर पाहायला आले तेव्हा सॉकेटची पांढरी प्लेट मधोमध तपकिरी होऊन फुगली होती, प्लगची एक पिन आत वितळून चिकटली होती आणि खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास होता. मेन बोर्डातला एमसीबी पडलासुद्धा नव्हता. ती प्लेट मी बदलली, पण भिंतीतली वायर तीच आहे. तिच्यावर दीड टनाचा एसी रात्रभर चालावा आणि शेजारी बाळ झोपलेलं असावं, हे मला चालणार नाही.

म्हणून मेन बोर्डापासून बेडरूमपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, 20 अँपिअरचा वेगळा एमसीबी आणि 16 अँपिअरचा सॉकेट बसवून घेते. अर्थिंगही तपासायला सांगितलं आहे. हा खर्च पूर्ण माझा, कारण वायरिंग घराचं आहे आणि तुमच्यानंतरही ते घरातच राहणार. केसिंग छताच्या कडेने जाईल, भिंत फोडायची नाही. वीजबिलावर मंजूर भार 2 किलोवॅट दिसतो. गीझर आणि एसी एकदम चालले तर तो पुरायचा नाही. मीटर माझ्या नावावर आहे, तेव्हा भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे मीच ऑनलाइन करते. महिन्याचं बिल मात्र तुमचं. 300 युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, एवढं लक्षात असू द्या. हल्ली एसी चालू केला की मुळात 24 वरच येतो, तो तिथेच ठेवलात तर बरं.

एसी, स्टॅबिलायझर, स्टँड, जादा पाइप आणि बसवण्याची मजुरी तुमच्याकडे. पाइपसाठी भोक खिडकीच्या डाव्या हाताच्या विटांच्या भिंतीतच पाडायचं. उजवीकडे कॉलम आहे आणि वर बीम, तिथे ड्रिल लागता कामा नये. भोकाला बाहेरच्या बाजूने थोडा उतार हवा, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. बाहेरचा युनिट खिडकीवरच्या छज्जावर ठेवू देऊ नका. तो पातळ आहे आणि युनिट तीस-पस्तीस किलोचा. भिंतीला अँकर बोल्टवर स्टँड मारून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींशी मी बोलले आहे. एका ओळीचा अर्ज द्या, ते सही करतील.

ड्रेनचा पाइप मोकळा सोडायचा नाही, तो पावसाच्या पाइपात नेऊन सोडायचा. खालच्या आजी याच दिवसांत बाल्कनीत कुरडया आणि पापड वाळत घालतात. त्यांच्या वाळवणावर आपलं पाणी ठिबकलं तर ते मला फार लागेल.

आणि एक विनंती. बसवणारी मुलं चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक पाय बाहेर टाकून काम करतात, कमरेला काही नसतं. सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय त्यांना बाहेर वाकू देऊ नका. बेल्ट आणला नसेल तर काम दुसऱ्या दिवशी होऊ दे.

घर सोडाल तेव्हा एसी तुमचा, खुशाल घेऊन जा. भोक बुजवायची गरज नाही, बाहेरून झाकण लावून ठेवा. स्टँडही राहू दे. यासाठी डिपॉझिटमधून एक रुपयाही कापणार नाही.

खिडक्यांना डासांची जाळी जरूर लावा. सरकत्या चौकटीची लावणार असाल तर निम्मा खर्च मी देते. हॉलची एक भिंत हवी त्या रंगाची करा, जाताना परत पांढरी करून द्या. वॉशिंग मशीनसाठी ड्राय बाल्कनीत नळाचा फाटा काढायलाही हरकत नाही.

पण मशीन आत जावं म्हणून स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनीमधली अर्धी भिंत काढायला मी परवानगी देऊ शकत नाही. त्याच भिंतीतून वरच्या टाकीचा पाइप खाली येतो आणि ओट्याचा कडप्पा तिच्यावर टेकलेला आहे. दाराची चौकट 26 इंचांची आहे. पुढून उघडणारं मशीन आत जात नसेल तर वरून उघडणारं कमी रुंदीचं मिळतं, ते सहज आत जाईल.

पाळण्यासाठी छताला हुक मारायचं लिहिलं आहे, तर कृपया स्लॅबला भोक पाडू नका. वर गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे. हॉलमध्ये पंख्याच्या पूर्वेला, हातभर अंतरावर, रंगाखाली एक उंचवटा लागेल. तिथे लोखंडी कडी आहे, स्लॅब भरतानाच टाकलेली. माझ्या दोन्ही मुलांचा पाळणा तिला होता. गुरुवारी इलेक्ट्रिशियन शिडी आणतील तेव्हा रंग खरवडून घ्या, गंज किती आहे ते बघा आणि मला जवळून फोटो पाठवा. कडी झिजलेली दिसली तर पाळणा टांगू नका, मी स्टँडचा पाळणा पाठवते, माळ्यावर आहे.

हे सगळं मान्य असेल तर याच मेलला उत्तर द्या. 3 तारखेला दोघांपैकी एक जण घरी असेल ना, तेही कळवा.

पाडव्याच्या शुभेच्छा, बाळाला आशीर्वाद.

तुमची,
काकू