इयत्ता दहावी ‘ब’ : फोटोवरून गणित सोडवणाऱ्या अ‍ॅपबाबत

प्रिय विद्यार्थ्यांनो,

वर्गसमीकरणांच्या वह्या तपासताना x² − 7x + 12 = 0 या उदाहरणाखाली चौघांनी ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहिलेले आढळले आणि चौघांच्याही वहीत विवेचकाची किंमत −47 आली आहे. कोणाच्या तरी वहीतला 7 हा 1 सारखा दिसला, कॅमेऱ्याने समीकरण x² − x + 12 = 0 असे वाचले आणि पुढच्या सर्व पायऱ्या बिनचूक असूनही सुटले ते भलतेच उदाहरण. 12 चे अवयव 3 आणि 4, त्यांची बेरीज 7, एवढे तोंडी पाहिले असते तरी चूक तिथेच सापडली असती. (तो फोटो ग्रुपवर फिरला असावा, मी चौकशी करणार नाही.)

अशी अ‍ॅप वापरण्यास माझी मनाई नाही. घरी विचारायला कोणी नसताना रात्री अडलेली पायरी दिसणे ही मोठी सोय आहे, हे मी मान्य करते. परंतु आधी किमान पंधरा मिनिटे स्वतः प्रयत्न करावा, कच्चे काम खोडू नये आणि जिथून अ‍ॅपची मदत घेतली त्या ओळीसमोर पेन्सिलीने ‘अ‍ॅप’ असे लिहावे. या नोंदीमुळे कोणाचेही गुण कापले जाणार नाहीत. उलट, वर्ग नेमका कुठे अडतो हे मला त्यावरूनच कळेल.

पायऱ्या वाचताना प्रत्येक ओळीला ‘हे कुठून आले?’ असे विचारा. x² + 8x − 48 = 0 हे उदाहरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचे होते. अनेकांनी (x + 12)(x − 4) = 0 लिहून उत्तर बरोबर आणले, पण पद्धत अवयवांची वापरली. काहींनी दोन्ही बाजूंत 16 मिळवले. मात्र 16 च का, हे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. x च्या सहगुणकाची निमपट 4 आणि तिचा वर्ग 16, म्हणून डावी बाजू (x + 4)² होते, उजवीकडे 64 येतात आणि x ची किंमत 4 किंवा −12 मिळते. हेच वयाचे शाब्दिक उदाहरण असते, तर −12 का सोडायचे हे कारणासह तुम्हीच लिहायचे असते.

अ‍ॅप पाहून सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणानंतर फोन बाजूला ठेवून त्याच प्रकारचे एक उदाहरण स्वतः तयार करून सोडवावे. सोमवारी x² + 6x − 40 = 0 हे उदाहरण पूर्ण वर्ग पद्धतीने फळ्यावर घेऊ. चिठ्ठीत ज्याचा हजेरी क्रमांक निघेल त्याने वही न पाहता प्रत्येक पायरीचे कारण सांगायचे आहे. त्या चार वह्या शिक्षक खोलीत माझ्या टेबलावर आहेत. मधल्या सुट्टीत घेऊन जाव्यात.

तुमच्या गणिताच्या बाई