आमच्या स्नेहलचा साखरपुडा ठरला!

सगळ्या काका-मामा-आत्या-मावश्यांना नमस्कार आणि मित्रमंडळींनाही. आमच्या स्नेहलचं जमलं बरं का! मुलगा खानापूरचा, नाव अमोल, उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, घरची भातशेती आहे, माणसं अगदी साधी आणि मायाळू, बघायला आले तेव्हा त्याच्या आईनं स्नेहलला जवळ बसवून घेतलं आणि पगाराचं सोडून आधी तिला काय खायला आवडतं ते विचारलं, मला तिथंच पटलं.

साखरपुडा रविवार, १४ डिसेंबरला सकाळी साडेदहाला, शहापूरला आमच्या घरीच. त्यांची सुगी तोवर आटोपते म्हणून ही तारीख. हॉल वगैरे घेतला नाही, अंगणात मांडव घालतोय, घरचीच माणसं. स्नेहलची साडी शहापूरच्याच मागावरची, मोरपंखी, काठ तिनंच पसंत केलाय. जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, आणि कुंदा तर हवाच.

आहेर कृपा करून आणू नका, पण जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. पुण्या-मुंबईची मंडळी आदल्या दिवशीच या, झोपायची सोय वरच्या मजल्यावर केलीय. आजीला जिना जमत नाही, तिची खाट खालीच ठेवलीय. किती जण येताय तेवढं बुधवारपर्यंत कळवा, आचाऱ्याला आकडा सांगायचाय.

तुमची,
सुनंदा आणि घरचे सगळे